‘ते केवळ कंडक्टर नव्हते, तर...’ मशीनने लिहिलेलं मराठी माणसासारखं कसं करायचं?

एका कुटुंबातले काका गेले. फेसबुकवर चार ओळी टाकायच्या म्हणून पुतणीने एआयकडून मजकूर लिहून घेतला. तो साधारण असा होता:

> आज अत्यंत जड अंतःकरणाने सांगावेसे वाटते की, आपले लाडके सदाशिव काका आपल्यात राहिले नाहीत. ते केवळ एक एसटी कंडक्टर नव्हते, तर माणुसकी, प्रामाणिकपणा आणि सेवाभाव यांचा जिवंत वारसा होते. त्यांनी आपल्या संपूर्ण कारकिर्दीत असंख्य प्रवाशांच्या जीवनाला सकारात्मक स्पर्श केला. त्यांचे प्रेमळ हास्य प्रत्येकाच्या हृदयात सदैव जिवंत राहील. त्यांचा प्रवास आपल्याला शिकवतो की, साधेपणातच खरी श्रीमंती दडलेली असते. भावपूर्ण श्रद्धांजली.

काका, पुतणी आणि ही पोस्ट, तिन्ही काल्पनिक आहेत, पण असा मजकूर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. व्याकरण ठीक, शब्द मोठे, भावना भरपूर. तरी वाचणाऱ्याचा अंगठा थांबत नाही. ज्यांनी काकांना पाहिलं होतं, त्यांना तर हे कुणाबद्दल लिहिलंय असाच प्रश्न पडेल. कारण काका फारसे हसायचेच नाहीत.

असा मजकूर दुरुस्त करायचा तर नेमकं काय काढायचं, काय घालायचं आणि कुठल्या क्रमाने, ते याच पोस्टवरून पाहू.

## मशीन असं का लिहितं?

चॅटजीपीटीसारखी साधनं ज्या भाषा-मॉडेलवर चालतात, ते आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द काय असू शकेल याचा अंदाज बांधत जातं. अफाट मजकूर वाचून ते हा अंदाज शिकलेलं असतं. ‘श्रद्धांजली’ म्हटलं की हजारो श्रद्धांजल्यांमध्ये जे सारखं असतं, तेच आधी वर येतं. काकांच्या शर्टाचा खिसा त्या हजारांत कुठेच नसतो. तो फक्त घरच्यांना माहीत असतो.

दुसरं कारण पुढच्या टप्प्यातलं. मॉडेल तयार झाल्यावर माणसं त्याच्या उत्तरांची तुलना करतात, आवडलेलं उत्तर निवडतात आणि त्यावरून मॉडेलला वळण लावलं जातं. नम्र, नीटनेटकं, कुणालाही न दुखावणारं उत्तर सहसा पसंत पडतं. एका उत्तरात ते छानच वाटतं. पण प्रत्येक उत्तर तसंच आलं की त्याचा साचा होतो.

तिसरं कारण खास मराठीचं. 2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 8 कोटी 30 लाख लोकांची मातृभाषा मराठी होती. पण इंटरनेटवरचा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा आहे आणि त्यातही बातम्या, सरकारी निवेदनं, भाषांतरित पानं बरीच. ओट्यावरच्या गप्पा, भांडणं, आजीचे टोमणे लिहिलेच गेले नाहीत, तर मशीन ते शिकणार कुठून? त्यामुळे लिपी मराठी, शब्द मराठी आणि वाक्याची चाल मात्र इंग्रजी, असा प्रकार होतो.

## कुठल्या खुणांवरून ओळखायचं?

याबाबत इंग्रजीवर बरंच काम झालंय. जर्मनीतल्या ट्यूबिंगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने वैद्यकीय शोधनिबंधांचे दीड कोटींहून जास्त सारांश तपासले. हा अभ्यास 2025 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झाला. चॅटजीपीटी आल्यानंतर ‘डेल्व्ह’सारखे काही शब्द एकाएकी वाढल्याचं त्यांना दिसलं. 2024 मधल्या किमान 13.5 टक्के सारांशांवर अशा साधनांचा हात फिरला असावा, असा त्यांचा अंदाज होता.

मराठीत एखाद्या शब्दापेक्षा वाक्याची ठेवण जास्त चुगली करते. चार खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरे.

‘केवळ हे नाही, तर ते’. काका कंडक्टर होते. ‘नव्हते’ असं कुणी म्हटलेलंच नव्हतं. आधी एक गोष्ट नाकारायची आणि मग मोठी गोष्ट ठेवायची, ही चाल भाषणात एकदा शोभते. पोस्टमध्ये मात्र तिच्यामुळे काकांची नोकरी उगाच कमी लेखली जाते.

तिघांची जोडगोळी. ‘माणुसकी, प्रामाणिकपणा आणि सेवाभाव.’ मशीनला तीनचा नाद आहे. यातला कुठलाही शब्द उचलून दुसरा ठेवला तरी अर्थात फरक पडत नाही. तो पडत नाही, म्हणजे मुळात तिथे अर्थ नव्हता.

इंग्रजी चाल. ‘जीवनाला सकारात्मक स्पर्श केला’ असं मराठी घरात कुणी म्हणत नाही. काही खुणा याहून बारीक असतात. ‘तिने तिच्या आईला तिच्या मोबाइलवरून फोन केला’ हे वाक्य चूक नाही, पण मराठीत ‘तिने आईला फोन केला’ एवढंच पुरतं. आई कुणाची, हे सांगावं लागत नाही. ‘तो एक चांगला माणूस होता’ यातलं ‘एक’ही बहुतेक वेळा इंग्रजीतून आलेलं असतं. मराठीत ‘माणूस चांगला होता’ म्हटलं की झालं.

शेवटचा धडा. ‘आपल्याला शिकवतो की...’ मशीनला तात्पर्य सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. मजकूर श्रद्धांजलीचा असो, मिसळीच्या हॉटेलचा असो की ट्रेकचा, शेवटी वाचणाऱ्याच्या हातात एक सुविचार ठेवलाच जातो.

एक खूण मजकुराबाहेरचीही आहे. ठळक अक्षरांसाठी ही साधनं शब्दाच्या दोन्ही बाजूंना `**` असे दोन-दोन तारे लावतात. व्हॉट्सॲपवर ठळक करायला एकच तारा लागतो. मजकूर तसाच चिकटवला की जास्तीचे तारे दिसत राहतात आणि एक शब्दही न वाचता तो कुठून आलाय ते कळतं.

## दुरुस्ती कुठून सुरू करायची?

बहुतेक जण शब्द बदलण्यापासून सुरुवात करतात. ‘हास्य’च्या जागी ‘हसू’, ‘सदैव’च्या जागी ‘कायम’. यात वेळ जातो आणि मजकूर होता तिथेच राहतो. सुरुवात खोटं काढण्यापासून करायला हवी.

पहिली पायरी: खरं काय, ते पाहा. एकेका वाक्यापुढे थांबून ‘हे मला माहीत आहे का?’ असं विचारायचं. ‘प्रेमळ हास्य’ हे खोटं आहे, ते गेलं. ‘असंख्य प्रवासी’ हे कुणी मोजलेलं नाही. ‘संपूर्ण कारकीर्द’ म्हणजे किती वर्षं, ते पुतणीने मशीनला सांगितलंच नव्हतं. गुळगुळीत भाषेचा खरा धोका हा आहे. ती ऐकायला इतकी बरी वाटते की आतली थाप लक्षात येत नाही. श्रद्धांजलीत फार तर नातेवाईक हसतील. पण औषध, शाळेचे प्रवेश किंवा सरकारी योजना यांबद्दलच्या पोस्टमध्ये अशीच थाप कुणाला तरी भोवू शकते.

दुसरी पायरी: नाव बदलून पाहा. ‘सदाशिव काका’च्या जागी ‘मालती मावशी’ आणि ‘कंडक्टर’च्या जागी ‘शिक्षिका’ लिहायचं. वाक्य तसंच चाललं, तर ते काकांचं नाही. या कसोटीवर वरच्या पोस्टमधलं एकच सत्य टिकतं. काका एसटीत कंडक्टर होते आणि आता ते नाहीत.

इथे बरेच जण घाबरतात, कारण सहा वाक्यांतलं जवळजवळ काहीच हातात राहत नाही. पण ही पायरी टाळली, तर पुढची सगळी मेहनत पोकळ मजकूर सजवण्यात जाते.

तिसरी पायरी: माहिती आणा. ही मशीनकडे नसते, माणसाकडे असते. पुतणीने काकूंना फोन लावला. ‘काका कसे होते?’ असं विचारलं असतं, तर ‘फार चांगले होते गं’ एवढंच उत्तर आलं असतं. म्हणून तिने विचारलं, “काकू, काका चिडायचे कशावरून?”

काकू म्हणाल्या, “गाडीत कुणी विडी पेटवली की संपलं. त्याला उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायचे नाहीत. आणि अगं, सुट्ट्या पैशांचं तर विचारूच नको. कुणाचा रुपया राहिला, तर ह्यांना झोप यायची नाही.”

मग आणखी दोन गोष्टी निघाल्या. सुट्टे नसले की काका उरलेली रक्कम तिकिटामागे लिहून द्यायचे, हे एसटीने फिरलेल्या सगळ्यांच्या ओळखीचं. पण प्रवासी ती घ्यायला विसरून उतरला, तर काका खिडकीतून हाका मारायचे. निवृत्तीनंतरही त्यांच्या शर्टाच्या खिशात सुट्टे असायचेच.

प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं येतं. कशावरून चिडायचे, खिशात काय असायचं, रोज कुठली गोष्ट करायचे, शेवटचं काय बोलले, असे प्रश्न विशेषणांऐवजी प्रसंग देतात. दुकानाची पोस्ट असेल तर गिऱ्हाईक परत का आलं ते विचारायचं, ट्रेकची असेल तर कुठे पाय घसरला ते.

चौथी पायरी: वाक्यं बोलण्यासारखी करा. आता भाषेकडे वळायचं. मशीनची वाक्यं साधारण एकाच लांबीची असतात आणि ‘आहे’, ‘होते’, ‘राहील’ असं करत ठरावीक ठेक्यावर संपतात. बोलताना माणूस तसं करत नाही. एक वाक्य लांबतं, पुढचं दोन शब्दांत संपतं. क्रियापद कधी गाळलंच जातं: ‘हिशोब पक्का.’

बोलण्यातला जीव मराठीत छोट्या शब्दांत असतो. च, ही, तर, ना, म्हणे, की. ‘खिशात सुट्टे असायचे’ ही माहिती झाली. ‘खिशात सुट्टे असायचेच’ म्हटल्यावर त्या माणसाची सवय दिसते. मशीनच्या मराठीत हे शब्द कमी पडतात. पण ते मीठ शिंपडल्यासारखे सगळीकडे टाकायचे नसतात. जिथे बोलताना आपोआप येतात, तिथेच ठेवायचे.

पाचवी पायरी: मोठ्याने वाचा. मनात वाचताना डोळे पुढे पळतात. मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. ती जिथे अडखळते, तिथे वाक्य मोडायचं. घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवलं, तर आणखी चांगलं. ‘हे तू असं बोलतेस होय?’ असा प्रश्न आला की कुठे दुरुस्ती हवी ते समजतं.

## शेवटी पोस्ट कशी झाली?

> आमचे सदाशिव काका काल गेले. 31 वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीचशी बार्शी-तुळजापूर गाडीवर. फारसे हसायचे नाहीत. गाडीत कुणी विडी पेटवली, तर त्याला खाली उतरवल्याशिवाय डबल बेल द्यायचे नाहीत. पण सुट्ट्या पैशांचा हिशोब पक्का. तिकिटामागे लिहिलेला रुपया घ्यायला कुणी विसरलं, तर काका खिडकीतून हाका मारून तो परत करायचे. निवृत्त झाल्यावरही खिशात सुट्टे असायचेच. काल त्यांचा शर्ट खुंटीवरून काढला, तर सात रुपये निघाले.

यात ‘प्रामाणिक’ हा शब्द कुठेच नाही, तरी माणूस प्रामाणिक होता हे कळतं. ‘शिस्तप्रिय’ नाही, तरी विडीवाला दिसतो. ‘फारसे हसायचे नाहीत’ हे वाक्य मशीनने बहुधा लिहिलंच नसतं, कारण श्रद्धांजलीत उणं बोलायचं नाही, असा त्याचा साचा. पण त्याच वाक्यामुळे पुढचं सगळं खरं वाटतं. पोस्ट सात रुपयांवर संपते. त्यापुढे ‘साधेपणातच श्रीमंती’ असं लिहिलं असतं, तर त्या सात रुपयांचं वजन गेलं असतं.

पहिल्या मजकुरातलं किती उरलं? नाव आणि नोकरी. म्हणून काही जण विचारतील, मग मशीन हवंच कशाला? या पोस्टपुरतं तरी खरंच नको होतं. बारशाचं आमंत्रण, सोसायटीची सूचना, लांबलचक अहवालाचा सारांश अशा कामांत कच्चा मसुदा वेळ वाचवतो. आठवणीच्या मजकुरात सांगण्यासारखं जे असतं, ते सगळं माणसाकडेच असतं.

## ‘झाले’ लिहायचं की ‘झालं’?

माणसासारखं लिहायचं म्हणजे सगळं बोलीत लिहायचं, असा एक गैरसमज आहे. ‘झालं, केलं, सांगितलं’ हे बोलण्याच्या जवळचं, तर ‘झाले, केले, सांगितले’ हे लेखी वळणाचं. दोन्ही मराठीच. गडबड होते ती मिसळ झाल्यावर. मशीनच्या मजकुरात एका वाक्यात ‘सांगावेसे वाटते’ असतं आणि पुढच्याच वाक्यात ‘मन भरून आलं’. तसंच ‘आपण’ने सुरू झालेला मजकूर मध्येच ‘तुम्ही’वर आणि शेवटी ‘तुझ्या’वर येतो. एकदा ठरवायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं.

उलट दिशेनेही घसरता येतं. मजकूर ‘खरा’ वाटावा म्हणून पुण्यात वाढलेल्या माणसाने ओळीओळीत ‘लई भारी’ आणि ‘काय सांगू राव’ घातलं, तर ते मशीनइतकंच खोटं वाटतं. मुद्दाम केलेल्या शुद्धलेखनाच्या चुकांचंही तसंच. बोली आपली असेल तरच वापरायची. नसेल, तर साधं मराठी पुरतं.

सोसायटीच्या नोटिशीत ‘टाकीची स्वच्छता करण्यात येईल’ हे वाक्य रुक्ष आहे, पण जागेवर आहे. तिथे आजीचा टोमणा नको. मात्र पाणी कधी बंद, किती वाजेपर्यंत आणि कुणाला फोन करायचा हे हवं. ‘रहिवाशांच्या आरोग्याला सर्वोच्च प्राधान्य देत’ हे सुरुवातीचं पालुपद काढलं की नोटीस माणसाने लिहिल्यासारखी होते.

## ‘ह्युमनायझर’ वापरले तर?

मशीनचा मजकूर ‘माणसाळवून’ देणारी साधनंही मिळतात. त्यांच्या कामाची मर्यादा वरच्या उदाहरणातच दिसते. ती शब्द आणि वाक्यरचना बदलू शकतात. पण काका हसायचे नाहीत, हे त्यांनाही माहीत नसतं. ‘प्रेमळ हास्य’चं ‘गोड हसू’ होतं आणि खोटं तसंच राहतं. समानार्थी शब्दांच्या अदलाबदलीत मराठी उलट बिघडण्याचीच शक्यता जास्त.

ही साधनं अनेकदा एआय ओळखणाऱ्या डिटेक्टरला चकवण्यासाठी वापरली जातात. पण ते डिटेक्टर तरी कितपत भरवशाचे? ओपनएआयने स्वतःच 2023 मध्ये असं साधन आणलं होतं. कंपनीच्याच चाचणीत त्याने मशीनने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त 26 टक्के बरोबर पकडला, तर माणसांनी लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये ते बंद झालं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्येच सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे 91 निबंध त्यांना दिले, तेव्हा सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनचे ठरवले गेले. ते लिहिले होते माणसांनीच.

त्यामुळे डिटेक्टरचा आकडा खाली आणणं हे ध्येय ठेवलं, तर मेहनत भलतीकडे जाते. श्रद्धांजली वाचणार आहेत त्या काकू आणि तुळजापूरच्या गाडीने कधीकाळी गेलेली माणसं.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. स्वतःची आठवण नीट मांडायला मशीनचा मसुदा घेणं वेगळं आणि परीक्षेचा निबंध, शोधनिबंध किंवा न घेतलेल्या वस्तूचा ‘अनुभव’ मशीनकडून लिहून घेऊन आपलाच म्हणून खपवणं वेगळं. तिथे भाषा कितीही माणसाळवली, तरी फसवणूक तशीच राहते. शाळा, कॉलेज किंवा ऑफिसचा नियम असेल, तर एआयची मदत घेतल्याचं सांगावंच लागतं.

## पोस्ट टाकण्याआधी

वेळ कमी असेल, तर तीनच गोष्टी करायच्या. पहिलं वाक्य झाकून मजकूर वाचायचा. बहुतेक वेळा तो दुसऱ्या वाक्यापासूनच सुरू होत असतो. मग शेवटचं वाक्य झाकायचं, कारण धडा तिथेच बसलेला असतो. आणि मधे दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती अशी एक तरी गोष्ट आहे का, ते पाहायचं. नसेल, तर शब्द बदलत बसण्यापेक्षा काकूंना फोन लावलेला बरा.